पिवळी वायर की लाल-हिरवी-निळी : लग्नाच्या डीव्हीडीचं एक प्रकरण

साताऱ्यातल्या एका ओळखीच्या घरी नवा 43 इंची फुल एचडी टीव्ही आला आणि जुना 21 इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही गेला. डीव्हीडी प्लेअर मात्र 2006 च्या आसपासचा, तोच राहिला. त्याला एचडीएमआय नाही. मागच्या बाजूला पिवळा, पांढरा, लाल असे नेहमीचे तीन जॅक, आणि शेजारी हिरवा, निळा, लाल असे आणखी तीन. हे दुसरे तीन जॅक प्लेअर घेतल्यापासून कोणी वापरलेच नव्हते, कारण जुन्या टीव्हीला ते घालायला जागाच नव्हती.

काकांची तक्रार साधी होती. "अरे, छोट्या टीव्हीवर मुलीच्या लग्नाची सीडी किती छान दिसायची. ह्या एवढ्या मोठ्या टीव्हीवर सगळं पुसट आणि कडांना मुंग्या लागल्यासारखं." (घरात डीव्हीडीलाही सीडीच म्हणतात.) टीव्ही खराब निघाला का, बदलून घ्यावा का, हा त्यांचा प्रश्न होता. टीव्हीत काही दोष नव्हता. चित्र पिवळ्या वायरीने येत होतं, हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं डिस्कमध्ये होतं. कुठला दोष वायरीचा आणि कुठला डिस्कचा, हे वेगळं केल्याशिवाय नवी वायर आणण्यात अर्थ नव्हता, म्हणून आधी नुसतं बघत बसलो.

बघायला तीन तऱ्हेच्या डिस्क होत्या. मुलीच्या लग्नाची 2007 सालची, मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर शूट केलेली. काका-काकूंच्या स्वतःच्या लग्नाची, म्हणजे मुळात 1988 ची व्हीएचएस कॅसेट, जी पुढे स्टुडिओतून डीव्हीडीवर उतरवून घेतली. आणि दुकानातून विकत आणलेले काही सिनेमे.

पिवळ्या वायरीत काय होतं

डीव्हीडीवर चित्र तीन वेगळ्या भागांत साठवलेलं असतं. एक भाग उजेड-अंधाराचा, म्हणजे पूर्ण काळं-पांढरं चित्र, आणि सगळा बारकावा त्यातच असतो. उरलेल्या दोन भागांत फक्त रंगाची माहिती, तीही थोडी ढोबळ, कारण डोळ्याला रंगाचा बारकावा तितका लागत नाही. लाल-हिरवी-निळी वायर, म्हणजे कंपोनंट, हे तिन्ही भाग तीन स्वतंत्र तारांतून तसेच नेते. नावावरून वाटतं तसे तिच्यातून लाल, हिरवा, निळा असे रंग जात नाहीत. हिरव्या तारेतून काळं-पांढरं चित्र जातं, आणि निळ्या-लाल तारांतून रंगफरकाचे दोन भाग.

पिवळ्या वायरीत, म्हणजे कंपोझिटमध्ये, तार एकच. त्यामुळे प्लेअरला तिन्ही भाग एकत्र करावे लागतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत रंगाचे दोन्ही भाग 4.43 मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर चढवले जातात आणि ती लहर काळ्या-पांढऱ्या चित्राच्या सिग्नलमध्येच मिसळली जाते. ही युक्ती प्रक्षेपणासाठी काढलेली होती. 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं, तेव्हा घरोघरचे काळे-पांढरे सेट तसेच चालू राहिले ते ह्याच व्यवस्थेमुळे. पण डीव्हीडीच्या बाबतीत हा वळसा उगाच घातल्यासारखा आहे. डिस्कवर वेगळे असलेले भाग प्लेअर एकत्र करतो, आणि दीड मीटर पलीकडे टीव्ही ते पुन्हा वेगळे करायला बसतो. वेगळं करणं कधीच पूर्ण जमत नाही.

नेमकं कुठे जमत नाही, ते मुलीच्या लग्नाच्या डिस्कवर स्पष्ट दिसलं. एका दृश्यात नवरदेवाचे मामा उभे आहेत, अंगात बारीक उभ्या रेघांचा शर्ट. कॅमेरा लांबून पूर्ण माणूस दाखवतो तेव्हा शर्टावर निळसर-पिवळसर रंगांचे पट्टे हलताना दिसतात, शर्ट साधा राखाडी-पांढरा असूनही. कॅमेरा जवळ जातो, रेघा जाड होतात, आणि रंग एकदम नाहीसे होतात. ह्यामागचा हिशोब सरळ आहे. डीव्हीडीच्या एका ओळीत 720 ठिपके असतात आणि ते सेकंदाला 1 कोटी 35 लाख ह्या गतीने बाहेर पडतात. गडद रेघ आणि उजळ फट मिळून साधारण तीन ठिपक्यांत बसली, की त्या रेघांचा सिग्नल सेकंदाला सुमारे 45 लाख वेळा वर-खाली होतो. हा आकडा रंगाच्या 4.43 मेगाहर्ट्झला जवळजवळ चिकटलेला आहे. टीव्हीला पिवळ्या तारेतून आलेली ती थरथर शर्टाची रेघ आहे की रंग आहे, हे ठरवता येत नाही, आणि तो तिथे रंग भरतो. कॅमेरा जवळ गेला की तीच जोडी आठ-दहा ठिपक्यांची होते, थरथर मंदावते, गोंधळ संपतो.

उलटी चूकही होते. डिस्कच्या सुरुवातीला निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक अक्षरांत "शुभविवाह" येतं. अक्षरांच्या कडांवर बारीक ठिपक्यांची रांग सरकत राहते. काकांच्या मुंग्या त्या ह्याच. इथे रंगाची लहर काळ्या-पांढऱ्या चित्रात उतरलेली असते, आणि लाल-निळ्यासारखे दोन गडद रंग जिथे एकमेकांना भिडतात तिथे ती सगळ्यात जास्त दिसते. हा त्रास टाळायला टीव्ही 4.43 च्या आसपासचा बारकावा गाळून टाकतो, आणि मग दागिन्यांची नक्षी, केस, साडीचा पोत सगळंच मऊ पडतं. चांगला टीव्ही शेजारच्या ओळी ताडून हे काम जरा हुशारीने करतो, पण मिसळलेलं सगळं परत मिळवणं त्यालाही शक्य नाही.

छोट्या टीव्हीवर हे सगळं होतंच. फक्त 21 इंचांत मुंग्या दिसण्याइतक्या मोठ्या नव्हत्या, आणि ट्यूबचा स्वतःचा मऊपणा त्यांना झाकून टाकायचा.

जोडणी, आणि काळं-पांढरं चित्र

काकांकडे कंपोनंटची वायर नव्हती. तपासून बघण्यापुरती ती लागतही नाही. पिवळ्या-पांढऱ्या-लाल एव्ही वायरीतल्या तीन तारा कंपोनंटच्या तीन जॅकमध्ये घातल्या की चित्र येतं. प्लगचा रंग ही फक्त खूण आहे, आतली जोडणी सारखीच असते. घरात अशा दोन वायरी सापडल्या, एक चित्राला आणि एक आवाजाला. स्वस्त एव्ही वायरीत पांढरी-लाल तार बहुधा आवाजासाठी म्हणून पातळ केलेली असते. दीड मीटरला ती चालून जाते. तीन-चार मीटर न्यायची असेल तर 75 ओहमची खरी कंपोनंट वायरच घ्यावी, नाहीतर कडांना सावली पडते आणि चित्रात खसखस येते.

कंपोनंटमधून आवाज जात नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चित्राच्या तीन तारा आणि आवाजाच्या पांढरी-लाल अशा दोन, मिळून पाच लागतात. त्यात लाल प्लग दोन होतात आणि तिथेच हमखास अदलाबदल होते. चित्राचा लाल आवाजाच्या जॅकमध्ये गेला की एका स्पीकरमधून जोरात घरघर ऐकू येते आणि चित्राचे रंगही बिघडलेले असतात. दोन्ही एकदम दिसलं तर मागचे दोन लाल प्लग आधी बघायचे.

काकांच्या भाच्याने मी जाण्याआधी कंपोनंट एकदा लावून पाहिलं होतं. चित्र काळं-पांढरं आलं म्हणून "हे जॅक गेलेत" असं ठरवून परत पिवळी लावली. जॅक ठीक होते. आजकालच्या बऱ्याच टीव्हींवर पिवळा आणि हिरवा ह्यांना मिळून एकच जॅक असतो, निम्मा पिवळा निम्मा हिरवा रंगवलेला, किंवा शेजारी दोन्ही नावं छापलेली. त्यात काय येतंय हे टीव्हीला सोर्समधून सांगावं लागतं. भाच्याने हिरवी तार बरोबर घातली होती, पण सोर्स `AV` वरच होता. टीव्हीने हिरव्या तारेतलं काळं-पांढरं चित्र घेतलं, त्यात रंगाची लहर शोधली, ती तिथे नव्हतीच, आणि निळ्या-लाल तारांकडे त्याने बघितलं नाही. सोर्स `Component` केला आणि रंग आला.

म्हणून काळं-पांढरं पण स्वच्छ आणि ठळक चित्र दिसलं तर ती चांगली खूण समजावी. हिरवी तार व्यवस्थित आहे, फक्त सोर्स चुकला आहे किंवा निळी आणि लाल तार बसलेली नाही. काळ्या-पांढऱ्या चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर प्रकार उलटा असतो. पिवळी वायर जॅकमध्ये आहे आणि टीव्ही तिला कंपोनंट समजतो आहे. निळी आणि लाल एकमेकींच्या जागी गेल्या तर चेहरे निळे पडतात आणि आकाश नारिंगी-तांबडं होतं. हिरवीच निघाली असेल तर चित्र येतच नाही, कारण ओळ कुठे सुरू होते, चौकट कुठे संपते ही वेळेची खूण फक्त हिरव्या तारेतून जाते.

टीव्हीकडून सगळं बरोबर असूनही रंग वेडेवाकडे असतील, सगळीकडे हिरवी किंवा जांभळी छटा असेल, तर प्लेअरच्या मेनूत जावं. आपल्याकडे विकल्या गेलेल्या कितीतरी प्लेअरमध्ये व्हिडिओ आउटपुटला `YUV`, `RGB` आणि `P-SCAN` असे पर्याय असतात. कंपोनंटसाठी `YUV` हवं. `P-SCAN` म्हणजे प्रोग्रेसिव्ह, त्याबद्दल पुढे येईल. टीव्हीवर पिवळा जॅक वेगळा असेल तर हा मेनू उघडताना पिवळी वायरही लावून ठेवावी. बरेच प्लेअर `P-SCAN` निवडल्याबरोबर पिवळ्या जॅकवरचं चित्र बंद करतात किंवा ते फाटकं येऊ लागतं. पिवळ्या वायरीवर असताना कुणी चुकून ते निवडलं, की पुढचा मेनूच दिसत नाही आणि प्लेअर बिघडला असं वाटतं. अशा वेळी रिमोटवर प्रोग्रेसिव्हचं वेगळं बटण आहे का ते बघावं, किंवा कंपोनंट लावून त्यावर मेनू उघडावा.

अक्षतांनी लावलेला निकाल

कंपोनंट लागल्यावर मामांच्या शर्टावरचे रंग पूर्ण गेले. "शुभविवाह"च्या मुंग्या गेल्या. काकूंना आधी दिसली ती त्यांच्या गळ्यातल्या मोहनमाळेतली एकेक मण्यांची फट. खुर्ची टीव्हीपासून आठ फुटांवर होती आणि तिथून फरक सहज कळत होता. स्वयंपाकघराच्या दारातून बघणाऱ्याला तो फारसा जाणवला नाही, तेही खरं.

आता प्रश्न इंटरलेस्ड की प्रोग्रेसिव्ह हा. पिवळ्या वायरीत हा प्रश्नच नसतो, तिच्यातून चित्र इंटरलेस्डच जातं. म्हणजे आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या. प्रोग्रेसिव्हमध्ये सगळ्या ओळी एकाच फेरीत ओळीने जातात. कंपोनंटमधून दोन्ही तऱ्हांनी पाठवता येतं, आणि टीव्हीच्या माहितीपट्टीवर ते `576i` किंवा `576p` असं दिसतं. `p` मोठा, `p` चांगला, अशी सर्रास समजूत आहे. जोडणी करून देणारेही ती ठोकून देतात. ह्या डिस्कला ती लागू पडली नाही.

मिनीडीव्ही कॅमेरा सेकंदाला 50 वेळा अर्धं चित्र टिपतो. पहिलं अर्धं आणि दुसरं अर्धं ह्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. स्थिर माणसाला ते जाणवत नाही. पण मंगलाष्टकं संपताना सगळे हात एकदम वर जातात आणि अक्षता उडतात, तेव्हा तेवढ्या वेळात प्रत्येक दाणा जागा बदलतो. प्लेअर `P-SCAN` वर ठेवला तेव्हा तो ही दोन्ही अर्धी चित्रं सरळ एकमेकांत गुंफत होता. परिणामी उडत्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटलेल्या दिसल्या आणि अक्षतांच्या जागी आडव्या बारीक रेघांचे गुच्छ. प्लेअर परत इंटरलेस्डवर आणला आणि तेच गुंफण्याचं काम टीव्हीवर सोडलं. टीव्ही आधी कुठे हालचाल आहे ते ओळखतो, स्थिर भागात दोन्ही अर्धी चित्रं जोडतो आणि हलणाऱ्या भागात एकाच अर्ध्यावरून उरलेल्या ओळी भरतो. हात अखंड दिसले, अक्षता दाण्यांसारख्या दिसल्या. ह्या घरात निर्णय झाला तो कंपोनंट आणि इंटरलेस्ड.

सिनेमाच्या डिस्कवर मात्र दोन्हींत फरक जवळजवळ दिसला नाही. त्या काळातले सिनेमे फिल्मवर चित्रित झालेले असायचे. पालच्या डिस्कवर दोन्ही अर्धी चित्रं एकाच फ्रेममधून आलेली असतात, त्यांत काळाचं अंतर नसतं, आणि ती गुंफली की मूळ फ्रेम जशीच्या तशी तयार होते. तिथे प्लेअरने केलं काय आणि टीव्हीने केलं काय. म्हणून तपासायचं असेल तर सिनेमा लावून निष्कर्ष काढू नये. व्हिडिओ कॅमेऱ्याचं शूटिंग लावावं आणि भरभर आडव्या हालचालीचं दृश्य बघावं.

सिनेमांसाठी एक गोष्ट वेगळी करावी लागली. प्लेअरमध्ये टीव्हीचा आकार जुन्या सेटप्रमाणे `4:3 LB` असाच राहिला होता. त्यामुळे रुंद पडद्याचा सिनेमा प्लेअर स्वतःच दाबून वर-खाली काळ्या पट्ट्या घालत होता, आणि 576 ओळींपैकी चित्राला जेमतेम 432 उरत होत्या. `16:9` केल्यावर सगळ्या ओळी चित्राला मिळाल्या. लग्नाची डिस्क मुळात 4:3 ची, ती बघताना टीव्हीचा आकार रिमोटवरून 4:3 करायचा, म्हणजे माणसं बुटकी-रुंद दिसत नाहीत. हे काकूंनी लगेच शिकून घेतलं.

1988 च्या लग्नाला काही फरक पडला नाही

मग काकांनी मोठ्या उत्साहाने स्वतःच्या लग्नाची डिस्क लावली. पिवळीवर आणि कंपोनंटवर आलटून पालटून बघितलं. फरक शोधूनही सापडेना, आणि ते हिरमुसले. कारण त्यांना नीट सांगणं मला गरजेचं वाटलं, नाहीतर अशा डिस्कसाठी लोक महागडी वायर आणतात आणि फसवल्यासारखं वाटून घेतात.

व्हीएचएस कॅसेटवर काळ्या-पांढऱ्या चित्राचा बारकावा साधारण 3 मेगाहर्ट्झपाशी संपतो. त्याच्या पलीकडचं टेपवर उतरतच नाही. रंगाची लहर बसते 4.43 वर. म्हणजे ह्या डिस्कमध्ये रंगाशी भांडेल इतका बारकावाच नाही, आणि व्हीएचएसचे रंग तर इतके पसरट असतात की कडेवर मुंग्या याव्यात अशी धारदार कडच मिळत नाही. पिवळ्या वायरीचा गोंधळ जिथे होतो, ती जागा इथे रिकामीच आहे. काकूंच्या शालूचा लाल रंग हातावर ओघळलेला दिसतो, चित्राच्या तळाशी एक थरथरती पट्टी आहे, हे दोष डिस्कवरच कोरले गेलेत. वायर बदलून ते जाणार नाहीत. डिस्कवर चुकून निळे-पिवळे पट्टे असतील आणि कंपोनंटवरही तसेच दिसत असतील, तर डीव्हीडी करतानाच कुणीतरी पिवळ्या वायरीने चित्र आत घेतलं असं समजावं.

मुलीच्या लग्नाच्या डिस्कलाही मर्यादा आहे. तीन तासांचं शूटिंग एका 4.7 जीबी डिस्कवर कोंबलेलं आहे, आणि वरातीच्या दृश्यात दिव्यांच्या झगमगाटात चौकोनी तुकडे पडतात. पिवळ्या वायरीचा पुसटपणा हे तुकडे थोडे झाकत होता, कंपोनंटवर ते उलट ठळक झाले. टीव्हीचा शार्पनेस बराच खाली आणल्यावर ते सहन होण्याइतपत झालं. नव्या टीव्हीवर शार्पनेस दुकानाच्या उजेडासाठी वाढवून ठेवलेला असतो, आणि डीव्हीडीसाठी तो जवळजवळ नेहमीच जास्त असतो. कंपोनंटने डीव्हीडी एचडी होत नाही, हेही सांगून टाकलं. नक्कल होऊ नये म्हणून संरक्षित केलेल्या डीव्हीडीचं चित्र कंपोनंटवर `576p` च्या वर देण्याची परवानगीच प्लेअर बनवणाऱ्यांना नव्हती. 720 किंवा 1080 पर्यंत वाढवून देणारे प्लेअर ते फक्त एचडीएमआयवर देतात.

काकांच्या टीव्हीला कंपोनंट होतं, हे नशीब. आताच्या पुष्कळ टीव्हींवर ते निघून गेलं आहे. ब्लू-रेच्या नियमांनी 2013 नंतर बनणाऱ्या प्लेअरना ॲनालॉग वाटेने संरक्षित चित्र द्यायला मनाई केली, तेव्हापासून ह्या जॅकना ठेवण्याचं कारणच उरलं नाही. काही टीव्हींवर हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं आणि त्याला टीव्हीबरोबर आलेली जोडवायर लागते. ती जपून ठेवावी. त्या भोकाची आतली जोडणी सगळ्या कंपन्यांची एक नाही. जुन्या कॅमेऱ्याची तशीच दिसणारी वायर लावली तर चित्र गायब होतं आणि आवाजात गुरगुर येते. तसं झालं तर प्लेअरकडचे पिवळा, पांढरा, लाल प्लग एकमेकांच्या जागी घालून बघावेत. एखाद्या क्रमाने चित्र येऊन जातं.

टीव्हीवर एचडीएमआयशिवाय काहीच नसेल, तर बाजारात मिळणारी छोटी पेटी घ्यावी लागते, आणि ती घेताना तिच्या आत जाणारे जॅक मोजावेत. पिवळा-पांढरा-लाल अशा तीन जॅकची पेटी स्वस्त असते आणि तिच्यावर 1080p लिहिलेलं असतं, पण तिच्यात चित्र पिवळ्या वायरीनेच शिरतं. मामांच्या शर्टावरचे रंग तीही तसेच दाखवील, फक्त मोठे करून. हिरवा-निळा-लाल आणि आवाजाचे दोन, असे पाच जॅक असलेलीच घ्यावी. आणि त्या घरात व्हीएचएसवरून उतरवलेल्या डिस्कच तेवढ्या बघायच्या असतील, तर तीन जॅकची पेटी पुरते.